पिशवीचं नाव कोणाच्या तोंडी येणार आहे?

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी जाड सुती कापडाच्या, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतील अशा पिशव्या शिवतो. आता ब्रँडला नाव हवं आहे. यादीत 'पृथ्वीमित्र', 'हरितवसुधा', 'इको-थैली' आणि 'नको प्लॅस्टिक' ही चार नावं उरली आहेत. निसर्गाची काळजी आहे हे कळावं, पण उपदेश केल्यासारखं वाटू नये. कसं ठरवायचं?

उत्तर:

चारही नावं मी खोडेन. का, ते सांगतो, पण आधी पिशवीची एक खासियत लक्षात घ्या. साबणाचं नाव न्हाणीघरात राहतं, मसाल्याचं डब्यावर. पिशवीचं नाव मात्र गिऱ्हाईक खांद्यावर टाकून चारचौघांत फिरतं. 'पृथ्वीमित्र' हे तुम्ही स्वतःबद्दल म्हणताय असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात ते तुम्ही पिशवी घेणाऱ्याच्या तोंडी घालताय. त्याने काही म्हटलेलं नसताना.

हे मी एका रांगेत उभा असताना शिकलो. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या उद्योगाला नाव सुचवलं होतं. त्यात 'रक्षक' हा शब्द होता आणि तो पिशवीवर वीतभर उंचीच्या अक्षरांत छापला होता. माल भेट द्यायला म्हणून बरा खपला, पण तीच माणसं दुसरी पिशवी घ्यायला परत येत नव्हती. मग एकदा पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात ती पिशवी दिसली, आणि ती उलटी केलेली होती. शिवणीचे काठ आणि सुटलेले दोरे बाहेर, नाव आत. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "पिशवी दणकट आहे हो. पण लोक आधी ते वाचतात आणि मग माझ्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघतात." दुसऱ्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती.

उपदेश नावात कुठून शिरतो हे मला त्या वाक्यातून कळलं. नाव जेवढा मोठा दावा करतं, तेवढी ती पिशवी धरणाऱ्या माणसाची झडती सुरू होते. लोकांना निसर्गाचा कंटाळा नसतो, झडतीचा असतो.

आता तुमच्या यादीकडे. 'पृथ्वीमित्र' आणि 'हरितवसुधा' यांच्यात अडचण शब्दाच्या आकाराची आहे. वसुधा, सृष्टी, धरित्री, पृथ्वी हे शब्द आपण घरात बोलत नाही. ते भाषणात, प्रार्थनेत किंवा निबंधात येतात आणि येताना व्यासपीठ सोबत घेऊन येतात. 'माती' म्हटलं की हात मळल्यासारखे वाटतात, 'वसुंधरा' म्हटलं की समोर माईक दिसतो. गोष्ट तीच, पण शब्द कोणत्या खोलीतून आला ते कान ओळखतो. शिवाय 'मित्र', 'रक्षक', 'सेवक' ही पदं आहेत, आणि पद दिलं की ते निभवावं लागतं.

'नको प्लॅस्टिक' वेगळ्या कारणाने पडतं. नकारातून सांगायचं तर ज्याला नाही म्हणायचं तेच नाव तुमच्या कापडावर मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. २००७ साली अन्या हिंडमार्च या डिझायनरने 'आय ॲम नॉट अ प्लॅस्टिक बॅग' असं लिहिलेली कापडी पिशवी काढली, लोकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. तो नकारच होता, तरी चालला, कारण तिथे पिशवी स्वतःबद्दल बोलत होती. ती कोणाला 'तू घेऊ नकोस' म्हणत नव्हती. बोलण्यात थोडी गंमतही होती. पण ते एका हंगामाचं वाक्य होतं, ब्रँडचं नाव नव्हतं, आणि त्यावरही लगेच विचारणा झालीच की ती चीनमध्ये का शिवली आणि कापूस सेंद्रिय का नाही. मोठ्याने बोललेल्या पिशवीलाही उलटतपासणी चुकली नाही.

राहिलं 'इको-थैली'. इथे उपदेश कमी आहे, अडचण पुराव्याची आहे, आणि ती तुमच्यासाठी सगळ्यात गंभीर आहे. त्यावर जरा थांबतो.

सुती पिशवी शिवून होते त्या क्षणी ती निसर्गावर कर्ज असते. कापूस पिकवायला पाणी, जमीन आणि खत गेलेलं असतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात असं निघालं की हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं, तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात तिथल्या जाडसर प्लॅस्टिक पिशवीशी तुलना होती. त्यात साध्या सुती पिशवीसाठी हवामानापुरता आकडा ५२ आला, आणि पाण्यापासून ओझोनपर्यंत सगळे निकष एकदम धरले तर ७,१००. या आकड्यांवर वाद आहेत, आणि डॅनिश अभ्यासात उघड्यावर, समुद्रात जाणारा कचरा मोजलेलाच नाही, जो अनेकांच्या मते प्लॅस्टिकचा मुख्य दोष आहे. तरी दोन्ही अभ्यासांची दिशा एकच आहे. पिशवीत काय आहे यापेक्षा ती किती वेळा बाहेर निघते यावर तिचं पुण्य ठरतं.

नावाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की 'इको', 'हरित', 'निसर्गस्नेही' हे शब्द नव्या कोऱ्या पिशवीवर अजून खरे नसतात. ते खरे करणं तिच्या मालकाच्या हातात आहे. कायदाही आता त्याच बाजूने बघतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या 'ग्रीन गाइड्स'मध्ये (२०१२ ची आवृत्ती) उदाहरणच ब्रँडच्या नावाचं आहे. 'इको-फ्रेंडली' असं नुसतं नाव ठेवलं तरी त्यातून सर्वदूर फायद्याचा दावा होतो आणि तो सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे, असं तिथे म्हटलंय. युरोपीय संघाच्या २०२४/८२५ या निर्देशात 'पर्यावरणविषयक दावा' याच्या व्याख्येतच ब्रँडचं आणि उत्पादनाचं नाव येतं, आणि त्याची अंमलबजावणी २७ सप्टेंबर २०२६ पासून आहे. भारतातही २०२४ च्या मार्गदर्शक सूचना 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' अशा मोघम शब्दांना आधार मागतात. उद्या माल कुठेही गेला तरी हा प्रश्न पाठीशी येणार. जाहिरात बदलता येते, नाव बदलायचं म्हणजे सगळंच पुन्हा छापायचं.

मग नावाने काय सांगावं? माझं मत सरळ आहे. निसर्गाचं नाव घेऊ नका, पिशवीच्या वापराचं घ्या. घडी पडणं, खुंटीला टांगणं, भरणं, रिकामं होणं, पुन्हा निघणं. काळजी त्यातच आहे, कारण ज्या वस्तूला घरात ठरलेली जागा आणि बोलायला सोपं नाव असतं ती टाकली जात नाही. निसर्ग आणायचाच असेल तर एखादा प्राणी, बी, घरटं अशा मुठीत मावणाऱ्या वस्तूच्या रूपाने आणा, संकल्पनेच्या रूपाने नाही. पॅटागोनिया ही भटकंतीच्या कपड्यांची कंपनी १९७३ सालची आहे. तिचं नाव म्हणजे नकाशावरचा, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा एक प्रदेश. त्यात हिरवं, स्वच्छ, मित्र यातलं काही नाही, तरी नाव ऐकून वारा लागतो.

या वाटेने मी तुमच्यासाठी पाच शब्द काढले: घडी, खुंटी, ओंजळ, सुगरण, खोपा. एकेक घासून बघू, कारण नाव कसं पडतं हे पाहिल्याशिवाय कसं टिकतं ते कळत नाही.

माझी पहिली चाचणी घरातल्या एका वाक्याची असते: "निघताना दारामागची अमुक घे." ब्रँडचं नाव त्या रिकाम्या जागी बसलं पाहिजे, आणि बोलणाऱ्याला अवघडल्यासारखं वाटता कामा नये. 'खुंटी' इथेच गडगडते. "दारामागची खुंटी घे" म्हटलं तर कोणी स्क्रूड्रायव्हर शोधेल. 'ओंजळ' मला मनापासून आवडते. मावेल तेवढंच घ्यायचं, हा अर्थ तिच्यात न बोलता आहे. पण "ओंजळ घे" हे वाक्य कवितेत शोभेल, घाईत निघालेल्या मुलाला ओरडून सांगता येणार नाही. 'घडी' छान बसते. तिला घडी घालणं आणि वेळ असे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही कामाचे आहेत. 'सुगरण' आणि 'खोपा' या दोन्ही बसतात.

दुसरी चाचणी मराठीतच लागते आणि बहुतेक लोक ती करत नाहीत. नावाला विभक्ती लावून बघा. आपण ब्रँडचं नाव नुसतं उच्चारत नाही, त्याला प्रत्यय जोडतो. "खोप्यात छत्री टाकलीय." "दोन खोपे धुवायला टाकलेत." "हा खोपा कोणाचा?" शब्द स्वतःच वाकतो आणि वस्तूचं नाव होऊन बसतो. याउलट इंग्रजी वळणाची बनावट नावं, समजा 'रीवो' किंवा 'झेनिक', घेतली तर "रीवोत छत्री" म्हणताना जीभ अडखळते. लोक मग नाव सोडून "त्या पिशवीत" म्हणतात, आणि तुमचा ब्रँड बोलण्यातून गेला. सामान्यरूप सहज होणारं नाव फुकटात तोंडी फिरतं.

'सुगरण' मी इथे सोडतो, दुःखाने. सुगरण पक्ष्याचं लोंबतं, विणलेलं घरटं आणि कापडी पिशवी यांचं नातं डोळ्यांनाच दिसतं. पण सुगरण म्हटलं की दहापैकी आठ जणांच्या मनात पक्षी येत नाही, स्वयंपाकघर येतं. नाव मसाल्याचं वाटेल. (गंमत म्हणजे ते घरटं विणतो नर. अर्धवट विणलेलं घरटं मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर मुक्काम करते. नाव मात्र आपण तिला दिलंय.) त्याच घरट्याला खोपा म्हणतात, आणि तो शब्द स्वयंपाकघरापासून लांब आहे.

तिसरी चाचणी फोनची. पाच-सहा जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि म्हणा, "शोधून बघ." त्यांनी काय टाइप केलं याचा फोटो मागवा. देवनागरीत वेबपत्ता मिळतो, पण लोक शोधतात रोमन अक्षरांत, आणि मराठीचे काही वर्ण तिथे घात करतात. 'ओंजळ' कोणी `onjal` लिहिलं, कोणी `onzal`, कोणी `onjaal`, आणि ळ तर रोमनमध्ये नाहीच. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार असल्याने 'झोळी'चं `jholi`, `zoli`, `zholi` असं काहीही होतं. हे तीन गट तीन वेगळ्या खात्यांवर पोचतात. 'खोपा' जवळजवळ सगळे `khopa` लिहितात, एखादा `khopaa`. 'घडी' मात्र इथे अडकते. `ghadi`, `ghadee`, `gadi`, आणि शेवटचं वाचलं तर गाडी होते. त्यात घडी नावाची कपडे धुण्याची पावडर भारतात घरोघर माहीत आहे. वर्ग वेगळा असला तरी एवढ्या नामांकित चिन्हाजवळ जाऊन नवं दुकान मांडू नये. म्हणजे घडीही गेली.

उरला खोपा. त्याच्या विरोधातही बोलायला हवं. एक, खोपा म्हणजे केसांचा अंबाडाही. हा अर्थ मला त्रासदायक वाटत नाही, कारण तोही गुंडाळून नीट बांधलेला आकार आहे. पण पिशवीवर बाईचं चित्र काढलंत तर लोक केसांच्या वस्तू समजतील. दोन, हिंदी कानाला 'खोपडी' आठवू शकते आणि नेपाळीत 'खोप' म्हणजे लस. त्या बाजूला माल न्यायचा असेल तर तिथल्या चार माणसांना ऐकवून बघा. तीन, काही शहरी वाचकांना शब्दच माहीत नसेल. हे मी दोष धरत नाही. माहीत नसलेला पण उच्चारायला सोपा शब्द लोक विचारतात, "म्हणजे काय?" आणि "सुगरणीचं घरटं" एवढ्या दोन शब्दांच्या उत्तरात तुमचं निसर्गाबद्दलचं सगळं म्हणणं येतं. विचारल्यावर सांगितलेली गोष्ट उपदेश होत नाही. न विचारता सांगितलेली होते.

नोंदणीच्या बाजूनेही हा प्रकार मजबूत असतो. ट्रेडमार्कच्या व्यवहारात नावांची एक चढती शिडी मानतात. 'कापडी पिशवी' हे वस्तूचंच नाव, ते कोणालाच मिळत नाही. 'इको-थैली' हे वर्णन, त्यावर हक्क मिळाला तरी लंगडा, कारण 'इको' आणि 'थैली' दोन्ही इतरांना वापरावेच लागतात. उद्या शेजारच्याने 'इको-झोळी' काढली तर तुम्ही फारसं काही करू शकत नाही. त्याच्या वर सूचक नावं, मग वस्तूशी संबंध नसलेली, आणि टोकाला पूर्ण बनवलेली. खोपा सूचक आणि असंबंधित यांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि छोट्या उद्योगाला मला ती जागा सगळ्यात फायद्याची वाटते. अर्थही थोडा मिळतो, हक्कही.

शोध घेताना वस्तूंचा वर्ग नीट धरा. ट्रेडमार्कसाठी वस्तूंचे क्रमांकवार वर्ग पाडणाऱ्या नीस वर्गीकरणात बाजारहाटाच्या, खांद्याला लावायच्या पिशव्या १८ व्या वर्गात येतात. माल भरायची पोती आणि कापडी वेष्टनाच्या पिशव्या २२ मध्ये, कागद-प्लॅस्टिकच्या वेष्टन-पिशव्या १६ मध्ये, आणि स्वतःचं दुकान किंवा वेबविक्री ३५ मध्ये. तुमच्यासाठी १८ आधी, मग ३५. १६ आणि २२ मध्ये निदान डोकावून या. नुसतं स्पेलिंग जुळतं का एवढं बघू नका. अर्ज तपासणारा ट्रेडमार्कचा परीक्षक कानाने ऐकतो, म्हणून `kopa`, `copa`, `khoppa` असं जे ऐकायला जवळ येईल ते सगळं शोधा. १८ मध्ये जवळचं काही सापडलं तर खोप्याचा मोह सोडा आणि पुन्हा पहिल्या चाचणीपासून नवे पाच शब्द घ्या. वकिलाचा तास इथे खर्च करा, लोगोवर नंतर.

छपाईबद्दल थोडंसं. जाड, भरड विणीच्या कापडावर शाई पसरते आणि जोडाक्षरांच्या पोटातली पोकळी भरून जाते. 'सृष्टी'मधला ष्ट, 'समृद्धी'मधला द्ध दोन-तीन हात अंतरावरून काळा ठिपका दिसतो. शिवणीत घालायच्या विणलेल्या लेबलवर तर अजून कठीण. खोपा या शब्दात जोडाक्षर नाही, पण ख सैल लिहिला तर 'र' आणि 'व' वेगळे पडून 'रव' वाचला जातो. अक्षररचना करणाऱ्याला सांगा की ख खाली जोडलेलाच ठेव. नमुना कागदावर मंजूर करू नका. त्याच कापडावर, खऱ्या मापात छापून, एकदा धुऊन बघा.

नाव हलकं ठेवलं की बाकीची माहिती कुठे द्यायची, हा प्रश्न राहतो. आतल्या लेबलवर. तिथे तपासता येईल एवढंच लिहा: कापडाचं वजन, किती भार पेलते हे तुम्ही स्वतः टांगून पाहिलेलं, कसं धुवायचं, बंद तुटला तर दुरुस्त करून मिळेल का. दुरुस्ती देणार असाल तर ते एक वाक्य 'निसर्गस्नेही' या शब्दाच्या दहापट काम करतं. बाहेर मात्र पान, रोप, हिरवा गोल, तळहातावरची पृथ्वी यातलं काही नको. नावातून काढलेला उपदेश चित्रातून परत येतो, हे मी अनेकदा पाहिलंय. नावाचा आकारही आवरा. कोपऱ्यात, बोटभर.

शेवटी, लेबलांची मोठी ऑर्डर देण्याआधी वीस पिशव्या शिवा. दहांवर 'खोपा', दहांवर तुमच्या दोघींच्या पसंतीचं एखादं नाव, मग ते माझ्या मते पडलेलं असलं तरी चालेल. ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना द्या, तुमच्या घरच्यांना नको, कारण ते गोड बोलतील. सहा आठवड्यांनी जाऊन नावाबद्दल काही विचारू नका. म्हणा, "ती आम्ही दिलेली आण बरं जरा," आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला आत हाक मारून ती मागवताना ते तिला काय म्हणतात ते ऐका. पिशवी कुठून निघते तेही बघा. दारामागून, गाडीच्या डिकीतून की कपाटाच्या तळातून. आणि छापलेली बाजू बाहेर आहे की आत.